टिंबं कुठं गेली: 1931 च्या मराठी पुस्तकाचं ओसीआर, कामाच्या नोंदी

3 ऑगस्ट 2024, शनिवार

आजोबांच्या मामांचं प्रवासवर्णन, 1931 साली छापलेलं, 188 पानं, घरात एकच प्रत उरलीय आणि तिची पानं वळवताना कडा तुटतात. म्हणून ठरवलं की स्कॅन करून नीट एडिट करता येईल असा मजकूर काढायचा, आणि शुद्धलेखन मात्र पुस्तकातलंच ठेवायचं, आजच्यासारखं करायचं नाही.

फ्लॅटबेडवर 300 डीपीआयला पहिली वीस पानं केली. स्कॅनटेलरमधून सरळ करून, काळंपांढरं करून, डाग काढून घेतली. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर काढणं, त्यासाठी टेसरॅक्ट 5 हा प्रोग्रॅम, मराठी डेटा लिनक्सच्या पॅकेजमधून येतो तोच:

```
tesseract p014.png p014 -l mar --oem 1 --psm 6
```

psm 6 म्हणजे अख्खं पान एकाच मजकुराचा ठोकळा आहे असं धरून चालायचं. या पुस्तकात कॉलम वगैरे भानगड नाही, त्यामुळे तेच बरं पडतं.

रिझल्ट बघून खरंच उडालो. ळ नीट, जोडाक्षरं बहुतेक नीट, दोन-चार ठिकाणी घ चा ध. म्हणलं हे तर आठवड्यात संपतंय.

4 ऑगस्ट, रविवार

संपत नाहीये.

आत्याला प्रिंट काढून दिली होती, तिने पुस्तक शेजारी ठेवून वाचलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबली. "अरे, इथं 'त्यानें' आहे ना, मग टिंब कुठंय?" पुस्तकातली ओळ अशी आहे: त्यानें दार उघडलें व आमचें नांव विचारलें. मशीनने दिलेली: त्याने दार उघडले व आमचे नाव विचारले. पाच टिंबं होती, पाचही गायब, आणि वाईट म्हणजे जे उरलं ते आजच्या हिशोबानं एकदम शुद्ध मराठी आहे. म्हणून तर काल मला काही खटकलंच नाही. कुठलाही स्पेलचेकर यावर लाल रेघ मारणार नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: 1962 च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छापील मराठीत नपुंसकलिंगी एकवचनाला (केलें, माझें), तृतीयेच्या ने ला (त्यानें), घरीं, नाहीं, कोठें, नांव, पांच असल्या ढीगभर शब्दांवर टिंब असायचं. या पुस्तकात साधारण दर चौथ्या शब्दावर एक आहे.

गंमत म्हणजे मी आत्ता इथं "केलं", "झालं" लिहितोय त्यावरही टिंबच आहे, पण त्याचा अर्थ वेगळा. असो.

10 ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर रोज रात्री एकच काम, दहा पानं हाताने टाइप करणं. ही परीक्षेची पानं, यांच्यावरच प्रत्येक बदल मोजायचा आणि ट्रेनिंगमध्ये ती कधीच घालायची नाहीत. सहा मी लॅपटॉपवर केली, चार भावाने फोनवर.

मोजायची पद्धत साधी आहे. मशीनच्या मजकुराचा आपला खरा मजकूर करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील ते मोजायचं आणि एकूण अक्षरांनी भागायचं. अक्षर म्हणजे इथं युनिकोडचा एक कोड, म्हणजे "लें" मध्ये तीन: ल, मात्रा, टिंब.

पहिल्याच मोजणीत आकडा संशय यावा इतका वाईट आला. चुकांची यादी बघितली तर "दऱ्या" च्या जागी "दर्‍या" वाचलं म्हणून चूक. दोन्ही दिसायला सारखेच! मग कोड उघडून बघितले. तो अर्धचंद्रासारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ऱ (U+0931) + हलन्त, आणि दुसरा साधा र (U+0930) + हलन्त + न दिसणारा जोडक (U+200D). भावाच्या फोनने एक तऱ्हा टाकली होती, माझ्या लॅपटॉपने दुसरी, म्हणजे आमचा "खरा मजकूर"च एकमेकांशी भांडत होता. आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, एनएफसी, या दोघांना एक करत नाही, ते हातानेच करावं लागतं:

```
import re, unicodedata
def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    return re.sub("[\u200c\u200d]", "", s)
```

क्रम महत्त्वाचा. आधी जोडक उडवून टाकले असते तर दऱ्या (दरी) चं दर्या (समुद्र) झालं असतं आणि आचाऱ्यांचे आचार्य. हे फंक्शन आता दोन्ही बाजूंना लावल्याशिवाय काही मोजायचंच नाही.

साफ केल्यावर: 13,870 कोडमध्ये 612 चुका, म्हणजे 4.4 टक्के. त्यातल्या 287 नुसत्या हरवलेल्या अनुस्वाराच्या, आणि 31 ठिकाणी नसलेलं टिंब आलंय. या दहा पानांवर एकूण अनुस्वार 604 आहेत. म्हणजे निम्म्याच्या आसपास टिंबं खाल्ली, आणि एकूण टक्केवारी बघणाऱ्याला ते "96 टक्के अचूक" दिसणार. इथून पुढे टिंबांचे दोन आकडे वेगळे लिहिणार, हरवलेली आणि जादाची.

11 ऑगस्ट, रविवार

टिंब नेमकं कुठं मरतं ते शोधायला दिवस गेला.

पहिला संशयित मीच. स्कॅनटेलरमध्ये "डाग काढा" चालू होतं. आता डाग म्हणजे काय, तर आजूबाजूच्या शाईला न चिकटलेला छोटा काळा ठिपका. आणि अनुस्वार म्हणजे काय, तेच की! मात्रा, वेलांटी, रफार हे शिरोरेघेला चिकटलेले असतात, टिंब तेवढं सुटं तरंगत असतं. पुस्तकात ते अंदाजे अर्ध्या मिलिमीटरचं आहे, 300 डीपीआयला सहा पिक्सेल. पिवळ्या पानावर फिकट छपाई असेल तर काळंपांढरं करताना त्यातले तीनच उरतात आणि मग सफाईवाला ते झाडून नेतो. मूळ स्कॅन आणि साफ केलेलं पान शेजारी ठेवून 400 टक्के झूम केलं तर p014 वर मला अशी अकरा जागा सापडल्या जिथं कागदावर टिंब आहे आणि फाइलमध्ये नाही.

तर डाग काढणं बंद, काळंपांढरं करणंही बंद, करडं चित्रच द्यायचं, टेसरॅक्टच्या एलएसटीएम, म्हणजे न्यूरल नेटवर्कवाल्या इंजिनला ते चालतं.

हरवलेली 287 वरून 198. जादाची 31 वरून 44, कारण आता खरेखुरे डागही आत येतात. चालेल.

मग हावरटपणा करून 600 डीपीआयला स्कॅन केलं. काहीही फरक नाही, फक्त वेळ चौपट. नंतर कळलं का ते: इंजिन प्रत्येक ओळ आकसून ठराविक उंचीची करूनच नेटवर्कला देतं, 36 पिक्सेल (काही मॉडेलमध्ये 48). म्हणजे तुम्ही टिंब कितीही मोठं आणा, आत पोचेपर्यंत ते तीन-चार पिक्सेलच राहतं. 300 वर परत.

15 ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी असल्याने एक प्रयोग केला, तो आधीच करायला हवा होता.

प्रश्न असा की उरलेली 198 चित्रातच दिसत नाहीत म्हणून जातायत, की दिसूनही मशीन लिहीत नाही? तर एका पानाचा टाइप केलेला मजकूर, जुन्या शुद्धलेखनासकट, आजच्या स्वच्छ फॉन्टमध्ये लावला, त्याचं थेट चित्र काढलं, स्कॅनर नाही, पिवळा कागद नाही, आणि तेच टेसरॅक्टला दिलं. त्या पानावर 61 टिंबं, सगळी गोल गरगरीत. मशीनने 19 खाल्ली. कोरी करकरीत टिंबं!

म्हणजे डोळे ठीक आहेत, सवय आड येतेय. मॉडेल ज्या मजकुरावर शिकलंय तो आजच्या वळणाचा, त्यात शब्दाच्या शेवटी "ने" वर टिंब येतच नाही, मग पुसट काही दिसलं तरी ते आपल्या सवयीनं वाचतं. आपणही तेच करतो, मी पहिल्या दिवशी केलंच की.

आधी वाटलं शब्दकोश आड येत असेल, तो बंद करता येतो:

```
-c load_system_dawg=0 -c load_freq_dawg=0
```

198 वरून 190. बस. सवय शब्दकोशात नाहीये, नेटवर्कच्या आतच मुरलीय.

18 ऑगस्ट, रविवार

आज एक शॉर्टकट मारायचा प्रयत्न, फसला, पण फुकट गेला नाही.

कल्पना अशी की ओसीआर झाल्यावर नियमाने टिंबं परत लावायची. नाव → नांव, नाही → नाहीं, शेवटचा ने → नें. असले ठरलेले शब्द जमले. पण क्रियापदं आली आणि सगळं बसलं. "पत्र दिलें" वर टिंब, कारण पत्र नपुंसकलिंगी. "पैसे दिले" वर नाही, कारण पैसे पुल्लिंगी अनेकवचन. "दिले" एवढंच बघून काय कळणार? वाक्यातला कर्ता-कर्म शोधा, त्याचं लिंग शोधा, आणि तो शब्द तीन ओळी आधी असतो. शिवाय छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी तरी कुठं एकसारखा होता, पान 31 वर "नांव" आहे आणि पान 47 वर साधं "नाव". नियम लावला तर पान 47 वर मी पुस्तकात नसलेली गोष्ट घालणार.

ठरलं, मॉडेललाच शिकवायचं. त्या नियमांचं स्क्रिप्ट टाकून दिलं नाही, का ते पुढच्या नोंदीत.

25 ऑगस्ट, रविवार

ट्रेनिंगला लागतात ओळी: एका ओळीचं चित्र आणि त्याच नावाची `.gt.txt` फाइल, तिच्यात ती ओळ अचूक टाइप केलेली. 25 पानं घेतली (परीक्षेची दहा सोडून), 640 ओळी झाल्या.

पहिली गोची ओळी कापताना. टेसरॅक्ट मजकुरासोबत जागाही लिहून देतं त्या एचओसीआर फाइलमध्ये प्रत्येक ओळीची चौकट असते, त्या चौकटीने कापलं तर वरचा भाग बऱ्याच ठिकाणी छाटला जातो. वर काय असतं? मात्रा आणि तिच्याही डोक्यावर टिंब! म्हणजे चित्रात टिंब नाही आणि मजकुरात आहे, असं शिकवलं तर मॉडेलला वाटेल टिंबं मनानेच लावायची असतात. कापलेल्या चित्राला नंतर पांढरी किनार लावून उपयोग नाही, जे गेलं ते गेलं. मूळ पानातूनच चौकट वर 8 आणि खाली 5 पिक्सेल वाढवून पुन्हा कापल्या. खाली जास्त वाढवलं की पुढच्या ओळीच्या वेलांट्या घुसतात, वर जास्त केलं की आधीच्या ओळीचे उकार लोंबतात, 8 आणि 5 वर जमलं.

दुसरी गोची डोळ्यांची. ओसीआरचा मजकूर समोर ठेवून दुरुस्त करायला बसलो तर गाळलेलं टिंब दिसतच नाही, पहिल्या पन्नास ओळींत मी बारा सोडली होती. नसलेली गोष्ट दिसत नाही, असलेली नको ती गोष्ट लगेच खुपते. म्हणून उलटं केलं: 18 तारखेच्या स्क्रिप्टने शक्य तिथे सगळीकडे टिंबं लावून टाकली, पैसे दिलें, आंबे खाल्लें, सगळं, आणि तो मजकूर आत्याला दिला. तिचं काम फक्त पुस्तक बघून जादाची खोडायची. ती भराभर खोडत गेली, मधेच "हे काय रे, आंबे खाल्लें?" म्हणून हसली.

वर एक आंधळी तपासणी पण केली. चित्रात शिरोरेघेच्या वर, कशालाही न चिकटलेले ठिपके मोजायचे आणि मजकुरातले अनुस्वार मोजायचे, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर ओळ पुन्हा बघायची. 640 पैकी 71 ओळी जुळल्या नाहीत. त्यातल्या 38 मध्ये खरंच आमची चूक, बाकीच्यात डाग किंवा मात्रेला चिकटलेलं टिंब. हे स्क्रिप्ट वीस ओळींचं आहे आणि सगळ्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडलं.

31 ऑगस्ट, शनिवार

```
make training MODEL_NAME=mar_juna START_MODEL=mar \
  TESSDATA=../tessdata_best LANG_TYPE=Indic \
  MAX_ITERATIONS=3000
```

हे टेसरॅक्टला शिकवायच्या tesstrain या साधनातून. अर्धा तास वाया गेला कारण मी पॅकेजमधलाच `mar.traineddata` दिला होता, तो fast प्रकारचा आहे, पूर्णांकांत दाबून बसवलेला, त्याच्यावर पुढे ट्रेनिंग होत नाही. `tessdata_best` मधलाच लागतो. LANG_TYPE=Indic विसरू नका, त्याने ट्रेनिंगच्या सेटिंगा देवनागरीसारख्या लिप्यांना लागतात तशा होतात.

रात्रभर लावून ठेवलं.

1 सप्टेंबर, रविवार

सकाळी परीक्षेची दहा पानं:

एकूण चुका 171, म्हणजे 1.2 टक्के. हरवलेली टिंबं 34. वा! जादाची 58. अरेच्चा.

जुनी सवय मोडून नवी लावली हे झालंय. आता मॉडेल "पैसे दिलें" वाचायला लागलं, टिंब नसताना. 640 ओळींत नपुंसकलिंगी रूपं बक्कळ आणि पुल्लिंगी अनेकवचनं कमी, त्यामुळे त्याला वाटलं शेवटच्या ले वर टिंब असतंच.

दोन गोष्टी केल्या. एक, मधले चेकपॉइंट, म्हणजे ट्रेनिंग चालू असताना अधूनमधून साठवलेली मॉडेल, काढून बघितले, साधारण 1,200 फेऱ्यांचं मॉडेल परीक्षेच्या पानांवर 3,000 वाल्यापेक्षा चांगलं निघालं, पुढे ते माझ्या ओळी पाठ करत होतं. (हो, परीक्षेच्या पानांवर चेकपॉइंट निवडणं ही थोडी फसवणूकच आहे, म्हणून पुढच्या वेळी निवडीसाठी आणखी तीन वेगळी पानं टाइप केली.) दोन, पुस्तकातून मुद्दाम अशा 90 ओळी शोधल्या जिथं शेवटी ले, ते, चे आहे आणि टिंब नाही, त्या ट्रेनिंगमध्ये घातल्या.

14 सप्टेंबर, शनिवार

नव्या ओळींसकट मॉडेल: एकूण 148 चुका, 1.1 टक्क्याच्या जरा आत. हरवलेली 29, जादाची 33. इथं थांबतोय, आणखी ओळी टाइप करण्यापेक्षा उरलेली पानं तपासणं स्वस्त पडेल.

बाकीच्या चुका बघितल्या तर बहुतेक घ/ध आणि भ/म. ध आणि भ ची ओळखच शिरोरेघेतल्या फटीवर आहे, आणि झिजलेल्या खिळ्यावर शाई जास्त झाली की ती फट भरून जाते. तिथं अक्षर बघून मलाही कळत नाही, शब्द बघून कळतं. "धर" की "घर" हे वाक्यच सांगतं. ते सोडून दिलं, हाताने करणार.

उरलेली 150 पानं चालवली. मग तेच ठिपके मोजायचं स्क्रिप्ट सगळ्यांवर, न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढल्या, पानामागे सरासरी तीन. रोज रात्री दहा पानांच्या तीसेक ओळी बघायच्या, बाकी मजकूर आत्या सलग वाचतेय.

पान 93 वर अडलो. "त्यानें" सात वेळा आहे, पैकी दोनदा टिंब नाही. भिंगातून बघितलं, डाग नाही, पुसट नाही, कागद कोरा. टिंबाचा तो बारीक भाग खिळ्यावरून तुटला असेल किंवा जुळाऱ्याने लावलाच नसेल. आत्या म्हणाली लेखकाला तर टिंबच हवं होतं, लावून टाक. मी छापलंय तसंच ठेवलं आणि शेजारी चौकोनी कंसात नोंद केली. ती अजून कुरकुरतेय.

पान 118 वर मात्र मशीनने "राजा" चं "राजां" केलं, माझ्या ठिपके मोजणाऱ्यालाही ते पटलं, कारण ठिपका आहेच, गोल, काळा, बरोबर शिरोरेघेच्या वर. नखाने हलकं खरवडलं तर निघाला. माशीचा होता.